कमी ब्राइटनेसला थरथरणारी स्क्रीन: सेटिंग, केबल की पॅनल?

लॅपटॉपची स्क्रीन फक्त कमी ब्राइटनेसला लुकलुकते आणि ब्राइटनेस वाढवला की शांत होते, अशी तक्रार घेऊन दुकानात गेलं की बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं: पॅनल गेलं. माझ्या भाचीलाही तेच मिळालं. ती लातूरला नीटची तयारी करते. खोलीत तिघी राहतात, दोघी लवकर झोपतात, म्हणून ही रात्री दिवा बंद करून आणि ब्राइटनेस अगदी खाली आणून लेक्चरचे व्हिडिओ बघते. "मामा, स्क्रीन धडधड करायलीय. अर्ध्या तासात डोकं दुखायलंय," असं तिनं फोनवर सांगितलं. दुकानदारानं पॅनल बदलायचे पाच-साडेपाच हजार सांगितले होते. मी आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. तिला म्हटलं, आत्ताच पैसे देऊ नकोस, मी रविवारी येतो.

येण्याआधी तिला काही गोष्टी बघून ठेवायला सांगितल्या. चार्जर लावल्यावर काय फरक पडतो? व्हिडिओ थांबवून नुसतं पांढरं पान उघडलं तर काय होतं? आणि झाकण थोडं मागे-पुढे केलं तर? स्क्रीनच्या लुकलुकण्यात मला सगळ्यात जास्त रस असतो तो ती कशाच्या मागे चालते यात. चार्जरच्या मागे, चित्राच्या मागे, ब्राइटनेसच्या मागे की बिजागरीच्या मागे, एवढं कळलं की निम्मं निदान होऊन जातं. नुसतं बघून सेटिंगचं लुकलुकणं आणि बिघाडाचं लुकलुकणं वेगळं ओळखता येईलच असं नाही.

संध्याकाळी तिचं उत्तर आलं: "चार्जर लावला की कमी होतंय, पण बंद होत नाही." हे उत्तर माझ्या दृष्टीनं फार कामाचं होतं. एकच कारण असतं तर चार्जरनं ते एक तर गेलं असतं, नाही तर तसंच राहिलं असतं. अर्धं जातंय म्हणजे एकात एक मिसळलेल्या दोन गोष्टी असण्याची शक्यता मोठी.

अहमदपूरहून चाकूरमार्गे एसटीनं लातूरला पोचलो. मुलींच्या खोलीत वर कुणाला जाऊ देत नाहीत, म्हणून घरमालकीण मावशींनी खाली त्यांच्या हॉलमध्ये बसायला जागा दिली. तिथं टीव्हीही होता, तो पुढं उपयोगी पडला. अंधार पडेपर्यंत थांबलो आणि मावशींना हॉलमधले दिवे बंद करायला सांगितलं. "अंधारात काय बघायलाव?" असं त्यांनी विचारलंच. पण हे गरजेचं असतं. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे स्वस्तातले एलईडी बल्ब आणि जुन्या चोकच्या ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. फोनच्या कॅमेऱ्यातून स्क्रीन तपासायला गेलं तर त्या दिव्याचेच पट्टे दिसतात आणि माणूस लॅपटॉपला दोष देत बसतो.

पहिल्यांदा लॅपटॉप बॅटरीवर ठेवला, ब्राइटनेस दहा टक्क्यांवर आणला आणि तिचंच एक लेक्चर लावलं. सरांच्या काळ्या डिजिटल फळ्यावर रंगीत अक्षरं होती आणि मध्येच प्रश्नाचं पांढरं पान यायचं. पान बदललं की स्क्रीन एकदम न बदलता सेकंद-दीड सेकंद हळूहळू उजळायची. फळा परत आला की तशीच हळूहळू मावळायची. सर भराभर पानं बदलू लागले की स्क्रीन श्वास घेत असल्यासारखी वर-खाली होत राहायची. व्हिडिओ थांबवून पांढरी फाइल पूर्ण स्क्रीनवर उघडली तर हे हळू वर-खाली होणं थांबलं. व्हिडिओ परत सुरू करून चार्जर लावला, तरी ते आलं नाही.

चित्राच्या मागे चालणारं आणि चार्जर लावला की जाणारं, ही जोडी सापडली की पॅनलचा विचार सोडून द्यावा. बॅटरी वाचवण्यासाठी ग्राफिक्सचा ड्रायव्हर चित्रात काळा भाग किती आहे ते बघतो. चित्र गडद असेल तर मागचा प्रकाश थोडा कमी करतो आणि चित्रातले उजळ ठिपके तेवढेच वाढवतो, म्हणजे फरक जाणवू नये. दिवसा सत्तर टक्के ब्राइटनेसला तो खरंच जाणवत नाही. अंधाऱ्या खोलीत, दहा टक्क्यांवर, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या असताना तोच फरक ठळक दिसतो. म्हणून "कमी ब्राइटनेसलाच होतं" एवढ्यावरून हा बिघाड की सेटिंग ते ठरवता येत नाही.

विंडोज ११ मध्ये `Settings > System > Display` इथं जाऊन `Brightness` च्या ओळीवरचा बाण उघडला की `Change brightness based on content` असा पर्याय दिसतो. तिच्या लॅपटॉपवर तो `On Battery Only` वर होता. तो `Off` केला. इंटेलच्या ग्राफिक्सवर हेच काम करणारी आणखी एक सेटिंग ड्रायव्हरच्या ॲपमध्ये असते. Intel Graphics Command Center मध्ये `System > Power` खाली `Display Power Savings` आहे, तीही बंद केली. एएमडीचं ग्राफिक्स असलेल्या लॅपटॉपमध्ये तिचं नाव `Vari-Bright` असतं. विंडोजची बंद केली आणि ड्रायव्हरची राहिली, तर लुकलुकणं तसंच राहतं आणि माणसाला वाटतं की सेटिंगचा काही संबंध नाही, म्हणून दोन्ही बघाव्या.

इंटेलच्या त्याच पानावर `Panel Self Refresh` नावाची आणखी एक सोय असते. चित्र स्थिर असताना पॅनल आपल्याच मेमरीतून ते दाखवत राहतो आणि ग्राफिक्सला विश्रांती मिळते. ती नीट जमली नाही तर उलटी खूण दिसते: पान स्थिर असताना स्क्रीन झटके देते आणि माउस हलवला की थांबते. तिच्याकडे तसं नव्हतं, म्हणून तिला हात लावला नाही.

लेक्चर परत बॅटरीवर लावलं. हळू श्वास घेणं पूर्ण गेलं होतं. "आता बघ," म्हटलं. तिनं मिनिटभर बघितलं आणि म्हणाली, "मोठं गेलंय मामा. पण आत बारीक थरथर आहेच." तिचं बरोबर होतं. वीस टक्क्यांच्या खाली एक बारीक, घाईची थरथर होती. व्हिडिओवरही होती, पांढऱ्या पानावरही होती, चार्जर असताना आणि नसतानाही होती.

इथं पीडब्ल्यूएम समजून घ्यावा लागतो. बऱ्याच लॅपटॉपमध्ये ब्राइटनेस कमी करताना मागच्या एलईडीचा प्रवाह कमी करत नाहीत. एलईडी पूर्ण प्रकाशानंच पेटतात, पण सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद केले जातात. दहा टक्के ब्राइटनेस म्हणजे दर फेरीत दहा टक्के वेळ चालू आणि नव्वद टक्के वेळ बंद. शंभर टक्क्यांवर बंद होण्याचा वेळच उरत नाही, म्हणून तिथं हे लुकलुकणंही नसतं. हा बिघाड नाही, त्या पॅनलची रचनाच तशी आहे. काही लोकांना त्यानं डोकं दुखतं, काहींना आयुष्यभर कळतही नाही. साधी तपासणी अशी: अंधारात पांढऱ्या स्क्रीनसमोर पेन्सिल वेगानं डावी-उजवीकडे हलवायची. पेन्सिलीची सलग धूसर पट्टी न दिसता सुट्या-सुट्या अनेक पेन्सिली दिसल्या, तर प्रकाश तुटक येतोय.

तिच्या स्क्रीनवर सुट्या पेन्सिली दिसल्या. म्हणजे पीडब्ल्यूएम होता. पण ती बारीक थरथर त्याचीच, की त्याच्यावर आणखी काही बसलंय, हे पेन्सिल सांगू शकत नाही. त्यासाठी मी एक गोष्ट पिशवीत घालून नेली होती. बागेतल्या सोलर दिव्यातून काढलेला छोटा सोलर सेल, त्याला दोन वायर, आणि त्या वायर ऑक्सची पिन लावून एका लहान स्पीकरला. सेलवर स्थिर प्रकाश पडला तर स्पीकर गप्प राहतो. प्रकाश सेकंदाला दोनशे वेळा तुटत असेल तर दोनशे हर्ट्झचा सूर ऐकू येतो. ज्यांच्याकडे ऑसिलोस्कोप नाही त्यांना प्रकाश कानानं तपासता येतो, आणि माझा अनुभव असा की अनियमितपणा डोळ्यापेक्षा कान लवकर पकडतो.

सेल स्क्रीनवर टेकवला. शंभर टक्क्यांवर जवळजवळ शांतता. ऐंशीवर हलका सूर. खाली येत गेलो तसा सूर तोच राहिला, आवाजाचा पोत मात्र बदलत गेला. फोनवरच्या ट्यूनर ॲपनं दोनशे हर्ट्झच्या आसपास दाखवलं. इथपर्यंत सगळं रचनेप्रमाणे. पण वीसच्या खाली त्या सुरात चरचर मिसळू लागली, जुन्या रेडिओचं बटण फिरवताना होते तशी. पीडब्ल्यूएम कितीही त्रासदायक असला तरी नियमित असतो, त्यात चरचर यायचं कारण नाही. मग सेल तसाच धरून भाचीला झाकण हळूहळू मागे न्यायला सांगितलं. एका विशिष्ट कोनाशी चरचर एकदम वाढली, पुढं गेल्यावर कमी झाली, परत त्या कोनावर आणलं की परत वाढली. मावशीही ऐकायला जवळ आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "ह्येच्या मानंतच काहीतरी हाय."

स्क्रीनची केबल या बिजागरीतूनच जाते, तरी घाईनं तिचं नाव घेतलं नाही. लॅपटॉप एचडीएमआयनं टीव्हीला जोडला. लॅपटॉपची स्क्रीन थरथरत असताना टीव्हीवरचं चित्र स्वच्छ होतं. ग्राफिक्स चिप किंवा ड्रायव्हर चित्रच बिघडवत असता, तर ते बहुधा टीव्हीवरही दिसलं असतं. पण टीव्हीचा प्रकाश टीव्हीचा असतो, म्हणून या चाचणीनं मागच्या प्रकाशावर नियंत्रण ठेवणारी सेटिंग संशयातून सुटत नाही. तिच्यासाठी पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालू केलं, काही इन्स्टॉल न करता. तिथं विंडोजही नाही आणि विंडोजच्या त्या सेटिंगही नाहीत. ब्राइटनेस खाली आणला, झाकण त्याच कोनावर आणलं, आणि तीच चरचर ऐकू आली. आता सॉफ्टवेअर यातून बाहेर पडलं.

बायोसबद्दल एक सांगतो, कारण बरेच जण "बायोसच्या पानावर लुकलुकत नाही, म्हणजे विंडोजचाच प्रॉब्लेम" असं म्हणतात. या लॅपटॉपच्या बायोसमध्ये स्क्रीन पूर्ण उजळ असते आणि ब्राइटनेसची बटणं तिथं चालतच नाहीत. तिथं स्क्रीन अगदी स्थिर दिसली. कमी ब्राइटनेसलाच दिसणारा दोष पूर्ण ब्राइटनेसच्या पानावर शोधून काही सिद्ध होत नाही. बायोसमध्ये लुकलुकलं तर दोष हार्डवेअरचा हे नक्की. नाही लुकलुकलं, तर आधी तिथला ब्राइटनेस कमी होतो का ते बघायचं, आणि होत नसेल तर ती चाचणी झालीच नाही असं धरायचं.

मग हा दोष कमी ब्राइटनेसलाच का दिसतो? भाचीनं हा प्रश्न विचारला आणि मला आनंद झाला, कारण यातच निदानाचं मूळ आहे. दोनशे हर्ट्झ म्हणजे एक फेरी ५ मिलिसेकंदांची. दहा टक्क्यांवर एलईडी दर फेरीत ०.५ मिलिसेकंद चालू. समजा केबलमधल्या खराब जोडामुळे ब्राइटनेसचा सिग्नल नेणाऱ्या तारेवर ०.१ मिलिसेकंदाची इकडंतिकडं होते. दहा टक्क्यांवर ही प्रकाशाची पाचवा हिस्सा इतकी उलथापालथ झाली, डोळ्याला सहज दिसणारी. नव्वद टक्क्यांवर एलईडी ४.५ मिलिसेकंद चालू असतात. तिथं तेवढीच गडबड दोन टक्क्यांच्या आसपास भरते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. दोष दोन्हीकडे तोच असतो.

एलईडींना वीज पुरवणाऱ्या तारेत जोड कच्चा असेल, तर बहुतेक वेळा उलटं होतं. जास्त ब्राइटनेसला जास्त वीज ओढली जाते, म्हणून स्क्रीन वरच्या टोकाला लुकलुकते किंवा विझते आणि खाली आणल्यावर सावरते. आणि पॅनलमधली एलईडीची एखादी माळ जात असेल, तर पूर्ण स्क्रीन एकसारखी थरथरत नाही. खालच्या कडेला एक पट्टा काळवंडतो, नाटकाच्या रंगमंचावर खालून पडणाऱ्या दिव्यांमधला एक विझल्यासारखा. तिच्या स्क्रीनवर कुठंही सेल ठेवला तरी चरचर एकसारखीच होती. म्हणून पॅनलवरचा माझा संशय कमी झाला. अगदी शून्य नाही, कारण एलईडी चालवणारी चिप हल्ली पॅनलच्याच पट्टीवर असते आणि ती खराब झाली तरी सगळी स्क्रीन थरथरते. पण ती चिप झाकणाच्या कोनाकडे बघून वागत नाही.

माझा लॅपटॉप तिला अभ्यासाला देऊन तिचा अहमदपूरला आणला. उघडताना पहिलं काम चार्जर काढणं आणि आत बॅटरीचा कनेक्टर सोडवणं. हे न करता स्क्रीनची केबल काढली-घातली तर पिना एकमेकींना लागून बोर्डवरचा बॅकलाइटचा फ्यूज उडू शकतो, आणि मग दुरुस्तीआधी थरथरणारी स्क्रीन दुरुस्तीनंतर काळी दिसते. आधी केबलची दोन्ही टोकं काढून नीट बसवली. कित्येकदा एवढ्यावर काम भागतं, म्हणून काहीही विकत घेण्याआधी हे करावं. इथं फरक पडला नाही. बिजागरीपाशी बघितलं तर केबलचं काळं आवरण घासून मऊ पडलं होतं आणि एका जागी घडी बसली होती. सगळं जोडून, सेल स्क्रीनवर चिकटवून, प्लास्टिकच्या पट्टीनं ती घडी अलगद दाबली. चरचर आली. बाकी केबल हलवली, चरचर नाही. पॅनलच्या मागच्या कनेक्टरपाशी दाबलं, नाही.

केबल मागवताना लॅपटॉपच्या मॉडेलवर भरवसा ठेवला नाही. एकाच मॉडेलमध्ये ३० पिनची आणि ४० पिनची अशा दोन केबल येऊ शकतात, त्यामुळे केबलवरच्या पट्टीवर छापलेला पार्ट नंबर दिला. किंमत हजाराच्या आत होती. नवी केबल टाकताना बिजागरीपाशी मूळ खाचेतूनच नेली. खाचेबाहेर राहिली तर नवीही तशीच चिरडते. नंतर दहा टक्क्यांवर झाकण पूर्ण मागे, पूर्ण पुढे, हळू, जोरात, सगळं करून ऐकलं. एकसारखा सूर, चरचर कुठंच नाही.

तो सूर मात्र आहे आणि राहणार, हे तिला स्पष्ट सांगितलं. त्याच जातीचं नवं पॅनल टाकलं असतं तरी तो तसाच राहिला असता. तिच्या मैत्रिणीच्या लॅपटॉपवर सेल टेकवला तर दहा टक्क्यांवरही शांतता होती. तो लॅपटॉप एक तर प्रवाह कमी करून प्रकाश कमी करतो, नाही तर इतक्या वेगानं चालू-बंद करतो की ते कानाला ऐकू येत नाही. तिच्या लॅपटॉपवर उपाय एवढाच की ब्राइटनेस साठच्या खाली आणायचा नाही, आणि रात्री उजेड कमी हवा असेल तर फाइलसाठी गडद थीम आणि व्हिडिओसाठी प्लेअरमधला ब्राइटनेस कमी करायचा. त्यानं चित्र गडद होतं, मागचा प्रकाश आणखी तुटक होत नाही. बॅटरी थोडी लवकर उतरते. तिला ते चालतं, डोकं दुखणं बरंच कमी झालंय असं ती म्हणते. खालच्या कडेवर लक्ष ठेवायला सांगितलंय. तिथं कधी काळा पट्टा दिसला, तर मात्र पॅनलच बदलावं लागेल.